अनुक्रमणिकेतून युक्तिवाद दिसावा म्हणून: प्रबंधातील प्रकरणांची नावे आणि क्रम कसे सुधारावेत

पीएच.डी.चा प्रबंध हातात आला की बहुतेक परीक्षक पहिल्या पानापासून सलग वाचत नाहीत. आधी अनुक्रमणिका पाहतात, मग शेवटचे प्रकरण उघडतात, संदर्भसूची चाळतात आणि त्यानंतर वाचायला बसतात. म्हणजे तुमच्या प्रबंधाबद्दलचे त्यांचे पहिले मत अनुक्रमणिकेच्या दोन पानांवर बनते. शोधगंगेवर प्रबंध चढतो तो प्रकरणनिहाय वेगळ्या पीडीएफ फायलींत. तिथे पुढे कोणी शोधत आले, तर कोणती फाईल उतरवून घ्यायची हे ती व्यक्ती अनुक्रमणिकेची फाईल पाहूनच ठरवते.

असे असूनही अनुक्रमणिका तयार होते ती शेवटच्या आठवड्यात, बाइंडिंगच्या घाईत. प्रकरणांची नावे तर सिनॉप्सिस लिहिताना दिलेली असतात, म्हणजे संशोधनातून काय हाती येणार हे माहीत नसताना. ती तशीच राहून जातात. हा लेख सामाजिक शास्त्रे, इतिहास किंवा साहित्य या विषयांत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी आहे. सर्व प्रकरणांचा पहिला खर्डा तयार आहे, पण अजून काही सादर झालेले नाही, अशा टप्प्यावर तो उपयोगी पडेल. खर्डा पूर्ण नसेल तर थांबा. जे लिहिलेच नाही त्याचा क्रम लावता येत नाही.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊ. प्रबंध कल्पित आहे, विषय खरा आहे: महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. समजा, एका विद्यार्थिनीने त्यावर काम केले आहे. जुन्या कागदपत्रांचा अभ्यास केला आहे आणि सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या काही गावांत क्षेत्रकार्यही केले आहे. तिची आत्ताची अनुक्रमणिका अशी आहे:

१. प्रस्तावना
२. संशोधन साहित्याचा आढावा
३. संशोधन पद्धती
४. रोजगार हमी योजना : ऐतिहासिक पार्श्वभूमी
५. रोजगार हमी योजना : स्वरूप व अंमलबजावणी
६. माण तालुक्यातील रोजगार हमी योजना : संकलित माहितीचे विश्लेषण
७. निष्कर्ष व शिफारशी

यात चूक म्हणावी असे काही नाही. विभागाच्या नमुन्यात हे बसते. पण एक साधी चाचणी लावून पाहा. ‘रोजगार हमी योजना’ हे शब्द खोडून तिथे ‘पीक विमा योजना’ लिहा आणि ‘माण’च्या जागी दुसरा कुठलाही तालुका घाला. एकही ओळ खटकत नाही. याचा अर्थ ही अनुक्रमणिका विषय सांगते, विद्यार्थिनीचे म्हणणे सांगत नाही. आपल्या अनुक्रमणिकेवर ही चाचणी आधी करा. विषय बदलूनही सगळे ठीक वाटत असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पहिली पायरी: प्रत्येक प्रकरणाचे म्हणणे एका वाक्यात

कोरा कागद घ्या. संगणकावर हे करू नका, कारण तिथे जुनी नावे डोळ्यांसमोर राहतात आणि हात तीच पुन्हा लिहितो. प्रत्येक प्रकरणासाठी एक वाक्य पूर्ण करा: ‘हे प्रकरण वाचून वाचकाला पटते की...’

या वाक्याला दोन अटी आहेत. त्यात क्रियापद हवे, आणि ते वाक्य कोणीतरी नाकारू शकेल असे हवे. ‘या प्रकरणात योजनेच्या पार्श्वभूमीचा आढावा घेतला आहे’ हे कोण नाकारणार? ते प्रकरणाचे म्हणणे नव्हे, कामाची नोंद आहे.

आपल्या विद्यार्थिनीने चौथे प्रकरण पुन्हा वाचले तेव्हा तिच्या लक्षात आले की त्यात एक नाही, तीन म्हणणी आहेत. एक: १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला, त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या, आणि त्या व्यवस्थेत मजुराला काम मिळणे हे सरकारने दुष्काळ जाहीर करण्यावर अवलंबून होते. दोन: १९६५ साली विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात जो प्रयोग झाला, त्यात हा क्रम उलटला. मजूर मागेल तेव्हा काम द्यायचे ठरले. तीन: १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली आणि राज्याची यंत्रणा इतक्या लोकांना काम पुरवू शकते हे सिद्ध झाले.

पाचव्या प्रकरणातून दोन वाक्ये निघाली. १९७५ च्या व्यवसाय करामुळे योजनेला पैशाचा स्वतःचा स्रोत मिळाला, म्हणून दुष्काळ सरल्यावरही ती चालू राहू शकली. आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला तेव्हा काम मागणे हा कायद्याने दिलेला हक्क बनला.

सहाव्यातून निघालेले वाक्य तिच्या क्षेत्रकार्याचे होते. माणमधल्या तिने पाहिलेल्या गावांत मजूर काम तोंडी मागतात, लेखी अर्जाची तारीख घातलेली पोच त्यांना मिळत नाही, आणि पोच नसल्यामुळे पंधरा दिवसांत काम देण्याची मुदत सुरूच होत नाही. परिणामी काम कधी काढायचे हे पुन्हा प्रशासनच ठरवते.

एका प्रकरणातून तीन वाक्ये निघाली तर घाबरू नका, पण ती एकात कोंबूही नका. तिन्ही कागदावर वेगळी ठेवा. उलट, एखाद्या प्रकरणातून एकही वाक्य निघाले नाही तर तो गंभीर प्रकार समजा. ते प्रकरण बहुधा परिशिष्टात जायचे असते किंवा दुसऱ्या प्रकरणात विरघळायचे असते.

दुसरी पायरी: वाक्यांना जोडणारा शब्द

आता ही वाक्ये एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक दोन वाक्यांमध्ये जागा सोडा. त्या जागेत एकच शब्द घालायचा: पण, म्हणून, कारण, तरीही, मात्र. सगळा युक्तिवाद या शब्दांत असतो, म्हणून इथे वेळ द्या.

आपल्या उदाहरणात ते असे जुळते. दुष्काळ संहितांत काम सरकारच्या घोषणेवर अवलंबून होते, *पण* तासगावने ते मागणीवर आणले. तो प्रयोग एका तालुक्यापुरता होता, *मात्र* १९७२-७३ ने दाखवले की राज्यभर काम पुरवता येते. दुष्काळ सरला की कामे बंद करायची हा जुना रिवाज, *म्हणून* टिकाऊ पैसा लागला आणि व्यवसाय कर आला. पैशाची सोय झाली, *म्हणून* हक्काचा कायदा करणे राज्याला झेपले. कायदा झाला, *तरीही* माणमध्ये मागणीची नोंदच होत नसल्याने कामाची सुरुवात पुन्हा सरकारच्या हाती गेली.

ही साखळी वाचली की प्रबंधाचा खरा प्रश्न समोर येतो: काम सुरू कोण करते, मजूर की सरकार? विद्यार्थिनीच्या मूळ अनुक्रमणिकेत तो कुठेही नव्हता. खर्ड्यात मात्र पहिल्यापासून होता.

जिथे ‘आणि’ किंवा ‘त्यानंतर’ याखेरीज काही बसत नाही, तिथे खूण करा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे विशेष सांगावेसे वाटते, कारण सनावळी हाताशी असली की क्रम आपोआप लागल्यासारखा वाटतो. १९६५ नंतर १९७२, १९७२ नंतर १९७५. पण आधीची घटना नंतरच्या घटनेला कशी कारणीभूत झाली, हे साल सांगत नाही. व्हायवात ‘चौथ्या प्रकरणाचा सहाव्याशी संबंध काय?’ असा प्रश्न येतो तो नेमका अशा सांध्यावर. कालक्रम सोडा असे मी म्हणत नाही. आपल्या उदाहरणात तो आणि युक्तिवादाचा क्रम बऱ्याच अंशी एकच आहे. पण प्रत्येक सांध्यावर साल झाकून जोडशब्द सुचतो का, एवढे पाहा.

शब्द सुचतच नसेल तर तीन शक्यता असतात. दोन वाक्यांच्या मध्ये एक पायरी लिहायची राहिली आहे, किंवा वाक्यांची अदलाबदल करायला हवी, किंवा त्यांपैकी एक या प्रबंधाचे नाहीच. कोणती शक्यता खरी हे नावे बदलून कळत नाही, प्रकरण वाचूनच कळते. जोड मजकुरात नसताना नावात दाखवली, तर परीक्षकाला ती फट आणखी लवकर दिसते.

तिसरी पायरी: क्रम हलवणे

जोडशब्दांवरून काय हलवायचे ते कळते. मूळ पाचव्या प्रकरणात व्यवसाय कराचा मजकूर ५.६ मध्ये होता, ‘निधीची तरतूद’ या नावाखाली, आणि त्याआधी कायद्यातली कलमे, समित्यांची रचना, मजुरीचे दर असे सगळे येऊन गेले होते. सरकारी पुस्तिकेत असाच क्रम असतो: आधी उद्दिष्टे, मग रचना, शेवटी पैसा. पण या प्रबंधाचे म्हणणे आहे की पैशाची सोय झाली म्हणून हक्क देता आला. तर मग पैसा कायद्याच्या आधी यायला हवा. ५.६ उचलून त्या भागाच्या सुरुवातीला नेले, आणि समित्यांची रचना दोन परिच्छेदांत आटोपली. तो मजकूर युक्तिवादाला फारसा लागत नव्हता.

चौथ्या प्रकरणातली तीन वाक्ये दोन प्रकरणांत वाटली. संहितांची व्यवस्था एका प्रकरणात, आणि तिला छेद देणारे तासगाव व १९७२-७३ हे पुढच्या प्रकरणात. प्रकरण तिथेच तुटावे जिथे ‘पण’ किंवा ‘तरीही’ येतो. ‘म्हणून’ने जोडलेली दोन वाक्ये एका प्रकरणात सुखाने राहतात. हा काही नियम नाही, पण बहुतेक वेळा उपयोगी पडतो. या हिशेबाने व्यवसाय कर आणि कायदा एकत्र राहिले.

आता प्रश्न येतो साहित्याचा आढावा आणि संशोधन पद्धती यांचा. बऱ्याच विभागांत ही दोन प्रकरणे याच नावांनी आणि याच जागी असावीत अशी अपेक्षा असते. तिथे वाद घालण्यात शक्ती घालवू नये. ठरलेले नाव ठेवा आणि त्यापुढे अपूर्णविराम देऊन आपले म्हणणे लिहा. पद्धतीच्या प्रकरणातून मात्र एक गोष्ट बाहेर काढा. माणमधली गावे का व कशी निवडली हा मजकूर तिसऱ्या प्रकरणात वाचला जातो, आणि त्याची गरज लागते थेट सातव्यात. मधली तीन प्रकरणे इतिहासाची असल्यामुळे वाचक ते विसरलेला असतो. क्षेत्रकार्याच्या प्रकरणाच्या सुरुवातीला ते न्या, तिसऱ्यात त्याचा फक्त उल्लेख ठेवा.

चौथी पायरी: नाव घडवणे

कागदावरच्या वाक्याचे नाव करताना क्रियापद बहुधा गाळावे लागते, पण म्हणणे गाळू नये. अपूर्णविरामाची जुनी सोय इथे कामाची आहे: डाव्या बाजूला म्हणणे, उजव्या बाजूला मर्यादा, म्हणजे काळ, जागा किंवा साधने. मूळ अनुक्रमणिकेत उलटे होते. डावीकडे विषय आणि उजवीकडे ‘स्वरूप व अंमलबजावणी’ यांसारखे कुठेही चालणारे शब्द. सुधारलेली अनुक्रमणिका अशी झाली:

१. प्रस्तावना : काम सुरू कोण करते?
२. साहित्याचा आढावा : दिलेल्या कामाची मोजणी, मागणीकडे दुर्लक्ष
३. संशोधन पद्धती : अर्ज, पोच आणि हजेरीपत्रक यांचे वाचन
४. सरकार जाहीर करील तेव्हा काम : दुष्काळ संहितांची व्यवस्था
५. मजूर मागेल तेव्हा काम : तासगाव (१९६५) ते दुष्काळ (१९७२-७३)
६. दुष्काळानंतरही काम : व्यवसाय कर (१९७५) ते रोजगार हमी कायदा (१९७७)
७. मागणीची नोंद नाही, म्हणून हक्क नाही : माण तालुक्यातील गावे
८. निष्कर्ष : कामाची सुरुवात पुन्हा प्रशासनाकडे

चार ते सात ही नावे सलग वाचा. ‘काम’ आणि ‘मागणे’ या दोन शब्दांपैकी एक तरी प्रत्येक वेळी परत येतो आणि त्याच्याभोवतीचे बदलते. जाहीर करील तेव्हा, मागेल तेव्हा, दुष्काळानंतरही, नोंद नाही म्हणून. युक्तिवादाची वळणे या बदलांत दिसतात. म्हणून आपल्या प्रबंधातले एक किंवा दोन कळीचे शब्द निवडा आणि मुख्य प्रकरणांच्या नावांत ते जाणीवपूर्वक पुन्हा वापरा. शाळेत शिकवलेले असते की तोच शब्द पुन्हा नको. निबंधात ते ठीक आहे. अनुक्रमणिकेत एकदा ‘मागणी’, एकदा ‘याचना’, एकदा ‘अपेक्षा’ असे केले तर वाचकाला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. तुम्ही एकाच गोष्टीबद्दल बोलत असाल तर शब्दही एकच ठेवा.

नावांत नेहमी दिसणाऱ्या काही गोष्टी काढून टाकाव्यात असे माझे मत आहे. ‘एक अभ्यास’, ‘एक चिकित्सक अभ्यास’, ‘स्वरूप व व्याप्ती’, ‘विविध पैलू’ हे शब्द पुसले तरी अर्थ तसूभरही कमी होत नाही. कवितेची ओळ किंवा मुलाखतीतले वाक्य नाव म्हणून द्यायचा मोह होतो. ते प्रकरणाच्या आत पहिल्या परिच्छेदात शोभते, पण अनुक्रमणिकेत ते कोणी आणि कशाबद्दल म्हटले हे कळत नाही. प्रश्नार्थक नाव पूर्ण प्रबंधात एकदाच, प्रस्तावनेला द्यावे. सगळीच नावे प्रश्नार्थक असली तर प्रबंधाने उत्तर दिलेच नाही असे वाटते.

सर्वांत जपायचे ते नावाच्या आवाक्याला. ‘मागणीची नोंद नाही, म्हणून हक्क नाही’ हे म्हणणे विद्यार्थिनीने माणमधल्या काही गावांत पाहिले आहे. उजव्या बाजूची ‘माण तालुक्यातील गावे’ ही मर्यादा काढली, तर तेच नाव महाराष्ट्रभराचा दावा होऊन बसते. तो पेलायला तिच्याकडे पुरावा नाही, आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारील. नाव लिहून झाले की प्रकरणातले सर्वांत कमकुवत कोष्टक आठवा. त्या कोष्टकावर हे नाव उभे राहते का?

लांबीबाबत एवढेच की अनुक्रमणिकेत एक नाव दोन ओळींच्या पुढे जाऊ नये.

पाचवी पायरी: उपशीर्षके

प्रकरणांची नावे सुधारून आतली उपशीर्षके तशीच ठेवली तर काम अर्धे राहते. क्षेत्रकार्याच्या प्रकरणात हे सर्वाधिक जाणवते, कारण तिथला क्रम बहुधा प्रश्नावलीचा असतो. मूळ सहाव्या प्रकरणाची उपशीर्षके होती: प्रस्तावना; माण तालुक्याचा परिचय; नमुना निवड; उत्तरदात्यांची वैयक्तिक माहिती; कामाविषयी माहिती; मजुरीविषयी माहिती; अडचणी; समारोप. प्रश्नावलीत वय, शिक्षण आणि जात आधी विचारतात, कारण मुलाखत सोप्या प्रश्नांनी सुरू करायची असते. वाचकाला पटवताना तो क्रम ठेवायचे काही कारण नाही.

नवीन सातव्या प्रकरणात ती अशी झाली:

७.१ गावांची निवड
७.२ तोंडी मागणी आणि लेखी अर्ज
७.३ पोच नाही, म्हणून मुदतीची मोजणी नाही
७.४ काम निघाले कधी : हजेरीपत्रकावरील तारखा
७.५ अपवाद : संघटनेने पोच मिळवलेली गावे

इथेही दुसऱ्या पायरीतलाच प्रयोग करता येतो. मजूर तोंडी मागतात, पण लेखी अर्ज होत नाही. अर्ज झाला तरी पोच नाही, म्हणून मुदत नाही. म्हणून कामाची तारीख प्रशासन ठरवते. मात्र जिथे पोच मिळवली तिथे चित्र वेगळे. हा अपवाद मूळ खर्ड्यात ‘अडचणी’ या उपशीर्षकाखाली शेवटी एका परिच्छेदात दडला होता. तो उलट सर्वांत मोलाचा पुरावा आहे. बाकी सारे सारखे असताना केवळ पोच मिळाल्याने फरक पडला असेल, तर विद्यार्थिनीचे म्हणणे तिथेच सर्वांत पक्के होते. तुमच्या मुख्य म्हणण्याविरुद्ध जाणारी किंवा त्याला वेगळ्या बाजूने तपासणारी सामग्री जिथे आहे, तिला स्वतःचे उपशीर्षक द्या. परीक्षक ती शोधतोच.

वय, लिंग, शिक्षण यांची कोष्टके परिशिष्टात गेली. ज्या कोष्टकाचा युक्तिवादात उपयोग होतो, उदाहरणार्थ लेखी अर्ज करणाऱ्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण, ते ७.२ मध्ये आले.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक प्रकरणात ‘प्रस्तावना’ आणि ‘समारोप’ अशी दोन उपशीर्षके द्यायची पद्धत आहे. आठ प्रकरणे म्हणजे अनुक्रमणिकेत काहीही न सांगणाऱ्या सोळा ओळी. प्रकरणात ती राहू द्यायची असतील तर राहू द्या, अनुक्रमणिकेत आणू नका. तसेच ४.३.२.१ अशा चार आकडी पातळ्या अनुक्रमणिकेत घेतल्या की साखळी दिसेनाशी होते. दोन पातळ्या पुरतात.

सहावी पायरी: वर्डमध्ये बदल

हाताने टिंबे देऊन बनवलेली अनुक्रमणिका असेल तर ती काढून टाका. प्रकरणाच्या नावाला `Heading 1`, उपशीर्षकाला `Heading 2` ही शैली द्या. मग `References` → `Table of Contents` → `Custom Table of Contents` इथे जाऊन `Show levels` मध्ये २ ठेवा. ‘प्रस्तावना’ आणि ‘समारोप’ या उपशीर्षकांसाठी वेगळी शैली बनवा. ती `Normal` वर आधारलेली ठेवून फक्त ठळक करा, म्हणजे ती अनुक्रमणिकेत येणार नाहीत.

क्रम हलवण्यासाठी `View` मधले `Navigation Pane` चालू करा. डाव्या बाजूला सगळी शीर्षके दिसतात. एखादे शीर्षक धरून वर-खाली ओढले की त्याखालचा सगळा मजकूर सोबत जातो. हे करण्याआधी फाईलची वेगळ्या नावाने प्रत ठेवा. शीर्षकाला शैली द्यायची राहिली असेल तर तो भाग शेजारच्या प्रकरणासोबत उचलला जातो आणि ते पटकन ध्यानात येत नाही. बदल संपले की अनुक्रमणिकेवर उजवी कळ दाबून `Update Field` आणि त्यात `Update entire table` निवडा. नुसते `Update page numbers only` निवडले तर नावे जुनीच राहतात.

मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर डावीकडच्या पट्टीत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि अनुक्रमणिकेतही तसे होऊ शकते. अनुक्रमणिकेपुरता उपाय असा की `TOC 1` आणि `TOC 2` या शैलींना तोच फाँट द्यायचा. पण पट्टी वाचता येणार नाहीच. प्रबंध अजून बराच हलवायचा असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार एकदा डोळ्यांखालून घाला.

सातवी पायरी: मजकुरातले धागे

नाव बदलले की ते आणखी काही ठिकाणी बदलावे लागते: प्रकरणाचे पहिले पान, पानांच्या वरची पट्टी आणि प्रस्तावनेतली ‘प्रकरणरचना’. यांपैकी शेवटचे हमखास राहते. प्रस्तावनेत ‘चौथ्या प्रकरणात योजनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडली आहे’ असे सिनॉप्सिसच्या काळातले वाक्य तसेच असते. तो भाग नव्याने लिहा, आणि लिहिताना दुसऱ्या पायरीतली साखळी जोडशब्दांसह तिथे उतरवा. तेवढ्यासाठी वेगळे काही रचावे लागत नाही.

मग `Ctrl+F` ने ‘प्रकरण’ हा शब्द शोधा आणि प्रत्येक उल्लेख तपासा. ‘पाचव्या प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’ असे लिहिलेले असते आणि ते आता सहावे झालेले असते. ‘पुढे पाहू’, ‘वर म्हटल्याप्रमाणे’ हेही तपासा; मजकूर हलला की पुढचे मागे गेलेले असते. ‘तक्ता क्र. ६.३’ असे हाताने लिहिलेले क्रमांक वर्ड बदलत नाही.

शेवटी प्रत्येक प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा. कागदावर ‘पण’ लिहिला होता तो मजकुरात कुठे आहे? सहाव्या प्रकरणाची सुरुवात ‘व्यवसाय कर म्हणजे...’ अशी होत असेल तर वाचकाला तो कर इथे का आला ते कळणार नाही. ‘१९७२-७३ ची कामे दुष्काळापुरती होती. पाऊस पडल्यावरही काम मागता यावे यासाठी दरवर्षी येणारा पैसा लागणार होता’ अशी दोन वाक्ये आधी आली की करापर्यंत रस्ता तयार होतो.

मार्गदर्शकांची संमती आणि शेवटची तपासणी

प्रबंधाचे मुख्य शीर्षक विद्यापीठाने मंजूर केलेले असते. ते समितीच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही, म्हणून त्याला हात लावू नका. प्रकरणांची नावे आणि क्रम यांबाबत सहसा मार्गदर्शकांची संमती पुरते, पण आपल्या विद्यापीठाचा नियम विभागात विचारून घ्या. प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावे लागते. हे सगळे काम त्याआधी उरकलेले बरे, म्हणजे समितीच्या सूचना नव्या क्रमावर येतात. मार्गदर्शकांकडे जाताना जुनी आणि नवी अनुक्रमणिका एकाच कागदावर शेजारी छापून न्या आणि खाली साखळीची पाच-सहा वाक्ये लिहा. ‘सर, नावे जरा बदलली आहेत’ एवढेच सांगितले तर ‘आता कशाला?’ असे उत्तर येण्याची शक्यता जास्त. काय हलले आणि का, हे दिसले की चर्चा मुद्द्यावर होते.

त्यानंतर आपल्या विषयाबाहेरच्या, पण वाचनाची सवय असलेल्या एखाद्या व्यक्तीला फक्त अनुक्रमणिका द्या. काहीही समजावून सांगू नका. ‘या प्रबंधाचे म्हणणे काय असेल?’ एवढेच विचारा आणि उत्तर शब्दशः लिहून घ्या. ‘रोजगार हमीवर आहे’ असे उत्तर आले तर नावे अजून विषयच सांगत आहेत. चौथ्या पायरीकडे परत जा. ‘आधी काम सरकारच्या मर्जीवर होते, मग मागणीवर आले, पण गावात ते पुन्हा सरकारकडे गेले’ अशा धर्तीचे उत्तर आले तर साखळी पोचली. दोन्हींच्या मधलेही उत्तर येते: सुरुवात आणि शेवट बरोबर, मध्ये कुठेतरी अडखळणे. आपल्या उदाहरणात ते पाच आणि सहाच्या मध्ये होऊ शकते, कारण दुष्काळ आणि व्यवसाय कर यांचा संबंध बाहेरच्याला चटकन लागत नाही. तिथे नाव बदलण्याआधी सहाव्या प्रकरणाचा पहिला परिच्छेदही त्यांना वाचायला द्या. तो वाचून संबंध लागला तर नावात एखादा शब्द वाढवून भागेल. तरीही लागला नाही तर पाचव्या प्रकरणाच्या शेवटी, दुष्काळी कामे बंद होताना मजुरांचे आणि तिजोरीचे काय झाले, हे सांगणारा एक भाग लिहायचा राहिला आहे. तो आधी लिहा.